आधी तांबडे पाणी, मग बारीक धार

पन्नास वर्षांच्या इमारतीत सकाळी पहिला नळ उघडणाऱ्याला एक सवय आपोआप लागते. पहिले तांब्याभर पाणी मोरीत सोडायचे, मग भांडे लावायचे. पाणी तांबूस येते, थोड्या वेळाने निवळते आणि दिवसभर कोणाच्या ध्यानात राहत नाही. ‘जुनी बिल्डिंग आहे, चालायचंच’ या एका वाक्यावर मुंबई-ठाण्यातल्या आणि पुण्यातल्या कितीतरी सोसायट्यांनी दहा-पंधरा वर्षे काढलेली असतात. पुढे एके दिवशी खालच्या मजल्यावरच्या काकू छताला आलेला ओलावा दाखवायला वर येतात. प्लंबर येतो, भिंत फोडतो, हातभर नळी बदलतो, सिमेंट थापून निघून जातो. सहा महिन्यांनी त्याच भिंतीत, त्या तुकड्याच्या शेजारी, पुन्हा गळती.

ही गळती अपघाताने होत नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपर्यंत बांधलेल्या बहुतेक घरांत पाणी वाहून नेण्यासाठी जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी नळी, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेला ‘जीआय पाइप’ वापरला जाई. त्याचे आयुष्य पाणी, जागा आणि कारागिरी यांवर ठरते. पण चाळिशी-पन्नाशी गाठलेल्या, भिंतीत गाडलेल्या नळीकडून फारशी आशा ठेवू नये. एका जागी भोक पडले म्हणजे त्याच वयाच्या, त्याच पाण्यात भिजलेल्या उरलेल्या नळीचीही तीच अवस्था आहे. म्हणून जिथे गळते तिथला तुकडा बदलत राहणे ही दिसायला स्वस्त, पण हिशेब केला तर सर्वांत महाग दुरुस्ती ठरते.

नळी आतून कशी मरते, हे आधी समजून घ्यावे. वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेल्या लोखंडावर जस्ताचा थर बसतो. हा थर नुसता झाकण म्हणून नसतो. जस्त लोखंडाच्या आधी स्वतः झिजते आणि तोवर लोखंडाला वाचवते. जस्त संपले की गंज सुरू होतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे नळीच्या आत तांबड्या-काळ्या गुठळ्या वाढू लागतात. पाण्यातले क्षार त्यांच्यावर बसतात. बाहेरून नळी धडधाकट दिसते आणि आत पेन्सिल जाईल एवढीच वाट उरते.

सगळीकडे हे सारख्या वेगाने होत नाही. सर्वांत आधी जातात ते आट्यांचे सांधे. प्लंबर नळी कापून तिच्यावर आटे पाडतो तेव्हा त्या जागचा जस्ताचा थर तर जातोच, शिवाय नळीची जाडीही कमी होते. त्यामुळे गळती एल्बो, टी, सॉकेट यांच्या तोंडाशी सुरू होते. दुसरा नंबर गीझरच्या गरम पाण्याच्या नळीचा, कारण पाणी जितके गरम तितका गंजाचा वेग जास्त आणि क्षारही तिथेच अधिक बसतात. तिसरी जागा आपल्याकडच्या पाणीपुरवठ्याने तयार केलेली आहे. पालिकेचे पाणी दिवसातून काही तासच येते. थेट लाइनवरची नळी उरलेला वेळ रिकामी राहते, आत हवा आणि ओल दोन्ही खेळतात. गंजाला याहून सोयीचे काही नाही. टाकीखालची सदा भरलेली नळी त्या मानाने जास्त टिकते.

आता शिशाबद्दल. मुंबईत विहार तलावाचे पाणी १८६० मध्ये आले. त्या काळच्या ब्रिटिश नळकामाच्या पद्धतीत घराच्या जोडणीला शिशाची नळी लावणे रूढ होते, कारण ती हाताने वाकते आणि गंजत नाही. त्यामुळे स्वातंत्र्यापूर्वीचा बंगला, वाडा किंवा चाळ असेल आणि मूळ जोडणी कधी बदललेली नसेल, तर रस्त्याकडून येणारी नळी एकदा तपासलेली बरी. नंतरच्या इमारतींत मात्र सलग शिशाची नळी मिळण्याची शक्यता कमी. तिथे शिसे येते ते चोरपावलांनी. जुन्या जस्ताच्या मुलाम्यात शिशाचा अंश असे. आट्यांवर तागाचा धागा गुंडाळून वर सफेदा किंवा शेंदूर फासायची पद्धत होती आणि हे दोन्ही मुळात शिशाचेच क्षार. पितळ तासायला सोपे जावे म्हणून पितळी नळांच्या मिश्रणातही शिसे घालतात. जीआय नळीतल्या गंजाच्या गुठळ्या हे शिसे धरून ठेवतात आणि पाण्याचा दाब किंवा दिशा बदलली की कणांसकट सोडतात. थोडक्यात, जीआय नळी लोखंडाची आहे एवढ्यावरून शिशाची काळजी मिटत नाही.

शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करते आणि त्याची सुरक्षित म्हणावी अशी पातळी आढळलेली नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम इतकी आहे. दुसरा स्रोत नसेल तर काही घटकांना हे मानक थोडी सूट देते. शिशाला ती नाही. पाण्यातल्या शिशाला रंग, वास, चव काहीच नसते. तांबडे पाणी लोखंडाची खबर देते, शिशाची नव्हे. पाणी उकळून शिसे जात नाही. पाणी आटते आणि शिसे तेवढेच राहते. अतिनील किरणांचे शुद्धीकरण यंत्र जंतू मारते, शिशाला काही करत नाही. आरओ बरेचसे शिसे काढते, पण घरोघरी आरओचे पाणी पिण्यापुरते असते आणि वरण-भात सिंकच्या नळाच्या पाण्यात शिजतो. हातात धरायचा टीडीएस मीटर इथे कामाचा नाही, कारण शिशाचे धोक्याचे प्रमाण त्याच्या आकड्यात कुठेच उमटत नाही.

नळी कशाची आहे हे ओळखायला किल्ली आणि फ्रिजवरचे लोहचुंबक एवढे साहित्य पुरते. नळी जिथे उघडी दिसते तिथे जावे: गच्चीवर टाकीखाली, संडासामागच्या डक्टमध्ये, मीटरजवळ, सिंकखाली. रंग थोडासा बाजूला करून किल्लीच्या टोकाने हलका ओरखडा काढावा. ओरखडा चांदीसारखा चमकला, धातू मऊ लागला आणि चुंबक चिकटले नाही, तर ते शिसे. शिशाच्या नळीला आटे नसतात. सांध्याशी कांद्यासारखा फुगलेला, हाताने पुसून गोल केलेला गड्डा असतो. चुंबक घट्ट चिकटले आणि सांध्यांवर आट्यांचे सॉकेट दिसले, तर जीआय. ओरखडा तांबूस आला तर तांबे. मळकट पिवळसर प्लॅस्टिक म्हणजे बहुधा सीपीव्हीसी, पांढरे ते यूपीव्हीसी, हिरवे ते पीपीआर. शिशाच्या नळीला पॉलिश पेपर लावू नये आणि ओरखड्यानंतर हात साबणाने धुवावेत.

महाराष्ट्रातून बाहेर गेलेल्यांना ही चुंबक-किल्लीची चाचणी जास्तच कामाची आहे. शिकागो शहरात १९८६ पर्यंत घराच्या जोडणीला शिशाची नळी लावणे नियमानेच बंधनकारक होते. न्यू जर्सीने २०२१ च्या कायद्याने पाणी कंपन्यांना अशा जोडण्या दहा वर्षांत बदलायला लावले, आणि त्या कायद्याने जोडणीची जीआय नळीही शिशाच्या यादीतच धरली. इंग्लंडमध्ये १९७० पूर्वीचे घर घेताना हा प्रश्न विचारावाच लागतो. अमेरिकेतल्या फ्लिंट शहरात २०१४ मध्ये पाण्याचा स्रोत बदलला आणि गंजरोधक घालायचे राहिले. इतकी वर्षे नळ्यांच्या आत जमलेला संरक्षक थर सुटला आणि शिसे घराघरांत पोचले. नळी तीच होती, फक्त पाणी बदलले. टँकर, बोअरवेल आणि पालिका असे तीन प्रकारचे पाणी एकाच टाकीत ओतणाऱ्या आपल्या सोसायट्यांनी यातून काय घ्यायचे ते उघड आहे.

नळीत अडथळा आहे का आणि नेमका कुठे, हे भिंत न फोडता बरेचसे कळते. त्यासाठी एक घर समजा. ठाण्यातली १९७४ च्या सुमाराची तळमजला अधिक तीन मजल्यांची सोसायटी, त्यातला पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट. टाकीतल्या पाण्याची पातळी नळापासून सुमारे दहा मीटर वर, म्हणजे नळाशी दाब एक किलोच्या आसपास. नळाला दाबमापक लावला तर तो व्यवस्थित एक किलो दाखवतो, आणि इथेच पुष्कळ जण फसतात. पाणी वाहत नसताना चोंदलेली नळीही पूर्ण दाब दाखवते. नळ उघडल्यावर आधी क्षणभर जोरात पाणी येते आणि मग धार बारीक होते, ही चोंदलेल्या नळीची खूण. टाकी रिकामी असेल किंवा दाबच कमी असेल, तर सुरुवातीचा तो जोर दिसणार नाही.

मोजायला वीस लिटरची बादली आणि मोबाइलमधले घड्याळ घ्यावे. आधी प्रत्येक नळाच्या तोंडाची जाळी काढून साफ करावी, कारण निम्मे वेळा दोष तिथेच असतो. जाळीत तांबड्या-काळ्या खपल्या सापडल्या तर तीही एक खबर. आपल्या कल्पित घरात डक्टला लागून असलेल्या बाल्कनीच्या नळाने बादली पावणेदोन मिनिटांत भरली. म्हणजे गच्चीवरून खाली येणारी सामाईक नळी, जिला सोसायटीत ‘डाउनटेक’ म्हणतात, निदान या मजल्यापर्यंत ठीक आहे. स्वयंपाकघराच्या नळाला अडीच मिनिटे लागली, न्हाणीघराच्या गार नळाला साडेतीन आणि गरम नळाला आठ.

आता संशयाची जागा आवळत न्यायची. प्लंबरने गीझरची वीज बंद करून त्याला येणारी जोडणी सोडली आणि तिच्याखाली बादली धरली. बादली पावणेचार मिनिटांत भरली, म्हणजे गीझरपर्यंतची नळी गार नळाइतकीच बरी-वाईट. मग ती जोडणी परत लावून गीझरमधून बाहेर पडणारे तोंड मोकळे केले. तिथेही पाणी बऱ्यापैकी आले, म्हणजे गीझरचे भांडे चोंदलेले नाही. उरली ती गीझर ते गरम नळ अशी भिंतीतली तीन मीटर नळी. आठ मिनिटांचा दोष तिचा. तिथला एक एल्बो कापून काढला तर आत काय दिसणार, याचा अंदाज आधीच येतो: आतला सोळा मिलिमीटरचा व्यास आठवर आलेला. निम्म्या व्यासाच्या नळीतून पाणी निम्मे येत नाही. तेवढ्याच दाबावर ते मूळच्या पाचव्या-सहाव्या हिश्शावर येते, आणि म्हणून माणसाला वाटते की बिघाड अचानक झाला. वर्षानुवर्षे हळूहळू बंद होणारी वाट शेवटच्या एक-दोन मिलिमीटरला एकदम जाणवते.

ही मोजणी झाल्यावर एक एल्बो खरोखर कापून पाहावा. करवतीने उभा चिरला की जस्ताचा राखाडी थर कुठे संपला, गुठळ्या किती आहेत, मूळ पत्रा किती उरला, हे सगळे उघड्या डोळ्यांनी दिसते. दोन वेगळ्या जागचे नमुने घ्यावेत, एक गरम लाइनचा आणि एक गारचा. गार लाइनचा नमुनाही एक तृतीयांशापेक्षा जास्त भरलेला निघाला, तर तुकड्याचा विचार सोडून पूर्ण घराची लाइन बदलायची तयारी करावी. हा कुठल्या नियमावलीतला आकडा नाही, व्यवहारातला अंदाज आहे.

या टप्प्यावर दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला, ॲसिड सोडून नळी साफ करून घ्या. दुसरा, प्रेशर पंप बसवा. पन्नास वर्षांच्या नळीत पुष्कळ ठिकाणी गंजाची खपलीच भोक बुजवून बसलेली असते. ॲसिडने ती खपली गेली की पाणी भिंतीत. प्रेशर पंपाने धार वाढते खरी, पण तो दाब झिजलेल्या आट्यांवरही येतो, आणि जी गळती दोन वर्षांनी व्हायची ती पहिल्याच आठवड्यात होते.

शिशाची तपासणी प्रयोगशाळेतच करावी लागते. एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेला शिशाची चाचणी करायची आहे, नमुना घ्यायची बाटली द्या, असे सांगावे. नमुना कसा घेतला यावर सगळे अवलंबून असते. रात्री सगळ्यांचे आवरल्यावर निदान सहा तास घरातला एकही नळ उघडायचा नाही, फ्लशसुद्धा नाही. सकाळी स्वयंपाकघराच्या नळाचे पहिलेच एक लिटर पाणी बाटलीत घ्यायचे, आणि पाच मिनिटे नळ सोडल्यावर दुसरी बाटली भरायची. अर्ध्या इंची जीआय नळीच्या एका मीटरमध्ये सुमारे पाव लिटरहून थोडे कमी पाणी मावते. म्हणजे पहिले लिटर नळ आणि त्यामागची चार-पाच मीटर नळी यांची साक्ष देते, दुसरी बाटली टाकी आणि बाहेरच्या लाइनची. पहिलीत शिसे जास्त आणि दुसरीत नगण्य निघाले, तर गुन्हेगार घरातच आहे. कधी कधी तो एक जुना पितळी नळ असतो आणि तेवढा बदलून भागते. दोन्हींत सापडले तर प्रश्न सोसायटीचा. ज्या घरांत स्वयंपाकघराला थेट पालिकेची लाइन आणि न्हाणीघराला टाकीची लाइन असते, तिथे कोणत्या नळाचा नमुना घेतला हे बाटलीवर लिहायला विसरू नये.

लाइन बदलेपर्यंत काय करावे? सकाळचे पहिले अर्धी बादली पाणी फरशी पुसायला आणि फ्लशला वापरावे, पिण्या-शिजवण्याला गरम नळाचे पाणी कधीच घेऊ नये. तान्हे बाळ किंवा गरोदर बाई घरात असेल आणि अहवालात शिसे आले असेल, तर स्वयंपाकालाही आरओचेच पाणी वापरावे. शिशाची सलग नळी सापडली तर तिचा अर्धा भाग बदलून थांबू नये. कापाकापीने आतला थर हलतो आणि पुढचे काही आठवडे, कधी काही महिने, पाण्यातले शिसे वाढलेले राहते. बदलायची तर मीटरपासून नळापर्यंत सगळी.

आता योजना. पहिला प्रश्न पैशाचा नाही, मालकीचा आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार बाहेरच्या पाण्याच्या लाइन, पंप आणि टाक्या यांची दुरुस्ती संस्थेने करायची असते, घराच्या आतली सभासदाने. डाउनटेकवरून घरात वळणारा टी ही सीमारेषा धरली तर पुढची बरीचशी भांडणे टळतात. पालिकेच्या मुख्य नळापासून मीटरपर्यंतच्या कामाला परवानाधारक प्लंबर लागतो. क्रमही महत्त्वाचा आहे. घरातली नळी नवी आणि डाउनटेक चोंदलेली असेल, तर खर्च करूनही धार तशीच. उलट डाउनटेक नवी झाली आणि घरातली नळी जुनीच राहिली, तर वाढलेल्या वेगाने जुना गंज सुटतो आणि महिनाभर सगळ्यांचे नळ तांबडे. म्हणून गच्चीवर टाकीच्या तोंडापासून सुरुवात करून खाली यावे. डाउनटेकचे काम नव्या नळ्या जुन्यांच्या शेजारून उभ्या करून केले, तर पाणी एक दिवसही पूर्ण बंद करावे लागत नाही. नवी नळी उभी राहते, तपासली जाते आणि मग एकेका मजल्याची जोडणी अर्ध्या-एक तासात फिरवली जाते. प्रत्येक घराच्या तोंडाशी बॉल व्हॉल्व्ह बसवायचा हट्ट धरावा. एका घरातली वाळी बदलायला पूर्ण इमारतीचे पाणी तोडण्याची प्रथा तेव्हाच संपते.

घरात नवी नळी कुठून न्यायची, हा निर्णय खर्च ठरवतो. जुन्या इमारतींत न्हाणीघराचा स्लॅब खाली घेतलेला असतो, त्या खळग्यात विटांचे तुकडे भरून वर लादी बसवलेली असते आणि जुनी नळी त्या कायम ओल्या भरावातून गेलेली असते. ती उकरून तिथेच नवी घालायची म्हणजे जलरोधक थर फोडायचा, लादी फोडायची आणि खालच्या घराला गळतीचे नवे निमंत्रण द्यायचे. त्यापेक्षा जुनी नळी दोन्ही टोकांना बुच मारून जिथे आहे तिथेच मेलेली सोडावी आणि नवी डक्टमधून वर माळ्यावर चढवून, पॅसेजच्या माळ्यावरून नेऊन न्हाणीघरात आणि स्वयंपाकघरात वरून खाली उतरवावी. आपल्या कल्पित फ्लॅटमध्ये याला पाऊण इंची नळी सुमारे अठरा मीटर आणि अर्ध्या इंची अकरा मीटर लागेल. फोडाफोडी फक्त उभ्या उतरत्या नळ्यांपुरती. बीम आणि कॉलमला हात लावायचा नाही, आणि वजन पेलणाऱ्या विटांच्या भिंतीत लांब आडवी खाच मारायची नाही. दिसणारी नळी काहींच्या डोळ्यांना खुपते, पण गळाली तर तीच पहिल्या दिवशी कळते.

हल्ली घरातल्या कामाला बहुधा सीपीव्हीसी वापरतात, कारण ती गरम पाण्यालाही चालते. साधी पांढरी यूपीव्हीसी फक्त गार पाण्याला. सीपीव्हीसीत एक खाचखळगा आहे, जो कोटेशनमध्ये दिसत नाही. अर्ध्या इंची जीआयचा आतला व्यास सोळा मिलिमीटरच्या आसपास, तर अर्ध्या इंची सीपीव्हीसीचा साडेबाराच्या आसपास. ‘अर्ध्याला अर्धा’ म्हणून बदलले, तर नव्या नळीची वाट जुन्याच्या मूळ वाटेपेक्षा जवळजवळ चाळीस टक्क्यांनी लहान होते. म्हणून मुख्य धाव पाऊण इंचीची असावी आणि शेवटच्या नळापुरतेच अर्ध्या इंचीवर उतरावे. नळीवर आयएस १५७७८ आणि आयएसआयची खूण छापलेली असते. ती दुकानातच वाचावी. नळ किंवा गीझर जिथे जोडायचा तिथे आतून पितळी आटे असलेलेच फिटिंग लावावे. प्लॅस्टिकच्या आट्यात धातूचा नळ आवळला की तडा ठरलेला. गच्चीवर उन्हात राहणाऱ्या भागाला रंग द्यावा. यूपीव्हीसी घ्यायची झाली तर शिसेमुक्त असल्याची खात्री करून घ्यावी: पूर्वी तिच्या निर्मितीत शिशाचे क्षार वापरत आणि केंद्राने २०२१ च्या नियमांनी त्यांना आळा घातला. शिसे टाळायला नळी बदलायची आणि कोपऱ्यात पडलेला जुना साठा लावून घ्यायचा, याला अर्थ नाही.

नळकामात न मोडणारी, पण जिवावर बेतू शकणारी एक गोष्ट आहे. जुन्या घरांत विजेचे अर्थिंग पुष्कळदा पाण्याच्या लोखंडी नळीलाच जोडलेले असते. नळी प्लॅस्टिकची झाली की ते अर्थिंग तुटते आणि कोणाला कळतही नाही. गीझर, वॉशिंग मशीन चालू राहतात. एखाद्या दिवशी गीझरच्या कॉइलमधून वीज पाण्यात उतरली तर तिला जायला वाट नसते. जुनी नळी कापण्यापूर्वी वायरमनला बोलावून स्वतंत्र अर्थिंग आहे का ते तपासून घ्यावे आणि अर्थ लीकेज ब्रेकर बसवून घ्यावा. प्लंबर हे सांगत नाही, कारण ते त्याचे काम नाही.

कोटेशन मागवताना एकरकमी आकड्यावर समाधान मानू नये. नळी मीटरवर, फिटिंग नगावर, फोडणे-बुजवणे वेगळे, डेब्रिज उचलणे वेगळे, असे मागावे आणि तिन्ही प्लंबरांना एकाच नकाशावर दर द्यायला सांगावे. नाहीतर एकाने अर्धा इंच धरलेला असतो, दुसऱ्याने पाऊण, आणि स्वस्त कोण हे शेवटपर्यंत कळत नाही. करारात दाब-चाचणीची अट लिहून घ्यावी. सांध्यांचे सोल्युशन सुकल्यावर सगळी तोंडे बंद करून हातपंपाने सहा-सात किलोपर्यंत दाब चढवायचा आणि निदान तासभर काटा हलतो का ते पाहायचे. ही चाचणी प्लास्टरच्या आधी झाली पाहिजे. प्लास्टरआधी प्रत्येक भिंतीचा मोजपट्टी लावून फोटो काढावा. पुढे टॉवेलची खुंटी ठोकताना तोच उपयोगी पडतो.

काम झाल्यावर सगळ्या नळांच्या जाळ्या काढून ठेवून दहा-पंधरा मिनिटे पाणी सोडावे. टाकीच्या तळाशी आणि फ्लश टँकमध्ये बसलेला जुना गंजाचा गाळ धुवून काढावा. हे राहून गेले की नव्या नळीतूनही तांबडे पाणी येते आणि बिचाऱ्या प्लंबरला शिव्या बसतात. शिशासाठी लाइन बदलली असेल, तर तशाच पद्धतीने महिन्याभराने पुन्हा दोन बाटल्या प्रयोगशाळेत पाठवाव्यात.

काम कधी काढावे, हे कॅलेंडर ठरवते. पावसाळ्यात प्लास्टर सुकत नाही, उन्हाळ्यात पाणीकपात असते, आणि गणपतीच्या तोंडावर न्हाणीघर फोडणाऱ्याला पाहुण्यांना तोंड द्यावे लागते. दिवाळीनंतरचे तीन महिने सर्वांत सोयीचे. संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हावी लागते, तेव्हा डाउनटेकचा ठराव त्या सभेत मांडला तर कोटेशन मागवून दिवाळीनंतर काम सुरू होऊ शकते. सचिवांना विषय आधीच लेखी द्यावा, बादलीच्या वेळांचा तक्ता जोडावा आणि सभेला जाताना तो उभा चिरलेला एल्बो पिशवीत टाकून न्यावा.